‘बसवेल ना’ आणि ‘बसवेल का’

आमच्या तालुक्याच्या गावात मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवते, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं आमच्या काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारला जायचा. "बोला, काय होतंय?" विचारणारी मुलगी चांगली होती. कामसू, हसतमुख, नाव सांगायच्या आत चेहऱ्यावरून फाइल काढून देणारी. तिच्या प्रश्नात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, कारण आत बसून मीही तोच प्रश्न विचारत होते. पण माझ्या खोलीला दार होतं, आणि तिच्या काउंटरसमोर अठरा खुर्च्या होत्या.

एका सोमवारी साडेअकराच्या सुमारास पंचविशीतली एक बाई आली. नवरा कामावर गेलेला, म्हणून सोबत चुलतदीर. पाळी चुकून पंधरा-सोळा दिवस झाले होते, घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळपासून थोडं थोडं रक्त दिसत होतं आणि ओटीपोटात उजव्या बाजूला दुखत होतं. हे सगळं मला नंतर कळलं. काउंटरवर "काय होतंय?" ऐकल्यावर तिने मागे वळून दिराकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही, चेकअप." मुलीने छान हसून केसपेपर केला आणि म्हणाली, "बसाल ना ताई थोडा वेळ? येईलच नंबर." ती "हो" म्हणाली आणि बसली. तिच्यापुढे अकरा जणी होत्या. पन्नास मिनिटांनी ती खुर्चीवरून घसरून खाली पडली. आत घेतलं तेव्हा नाडी मिनिटाला १३०, रक्तदाब ८० वर ५०, आणि सोनोग्राफीत पोटात रक्त साठलेलं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन करून ती नळी काढावी लागली, रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. बाई वाचली.

नळीतला गर्भ बहुतेक वेळा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास त्रास द्यायला लागतो. एका बाजूला दुखतं, थोडं रक्त जातं, चक्कर येते. कधी पोटात सुटलेलं रक्त श्वासपटलाला लागून चक्क खांदा दुखतो. बाईने यातलं एक जरी वाक्य काउंटरवर उच्चारलं असतं, तरी ती दहा मिनिटांत टेबलावर असती. ती गप्प बसली, कारण आमचा प्रश्नच असा होता की खरं उत्तर द्यायचं तर ते अठरा लोकांसमोर द्यावं लागणार होतं. त्या मुलीचा स्वर गोड होता आणि हसूही खरं होतं. वाक्य मात्र चुकीचं होतं, आणि ते मी ठरवायला हवं होतं. माझं म्हणणं याच अनुभवातून आलेलं आहे. स्त्रीरोगाच्या दवाखान्यात पहिलं वाक्य आजाराची चौकशी करणारं असू नये. आणि ते वाक्य काय असावं हे ठरवण्याची जबाबदारी दवाखान्याच्या मालकाची आहे. ती काउंटरवरच्या मुलीच्या स्वभावावर सोडून देणं बरोबर नाही.

आता आमच्याकडे बाई काउंटरपाशी आली की मुलगी आधी मान वर करते. हातातलं लिहिणं अर्धं राहिलं तरी चालेल, पण आधी नजर, मग शब्द. मग ती म्हणते, "या ताई. नाव सांगता? ... लिहून घेतलं. थोडा वेळ बसवेल का, की आत्ता जास्त त्रास होतोय?" एवढंच. त्रास कसला, कुठे, कधीपासून, काही नाही. हा प्रश्न वरवर आदराचा वाटतो आणि तो आदराचा आहेच. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. तातडीची बाई आणि थांबू शकणारी बाई यांना तो वेगळं करतो, तोही एकही खाजगी शब्द उघड न करता. ज्या बाईला दिरासमोर ‘रक्त जातंय’ म्हणता येत नाही, तिला ‘नाही बसवणार’ एवढं म्हणता येतं. तेवढं म्हटलं की मुलगी उठते आणि तिला आतल्या नर्सच्या टेबलापाशी नेते. पुढचे प्रश्न तिथे, हळू आवाजात होतात. पॅड किती वेळात भिजतंय? दुखणं एका बाजूला आहे का? चक्कर आली का? तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, एका बाजूला कळ असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर नंबर बघायचा नाही. हा नियम नर्सच्या टेबलावर कागदावर लिहिलेला आहे, त्यामुळे मला विचारायला येण्यातही वेळ जात नाही.

त्या वाक्यातला ‘का’ आम्हाला बऱ्याच उशिरा सापडला. सुरुवातीला मुली "बसवेल ना?" असंच विचारायच्या. तेच जिभेवर येतं, आणि ऐकायलाही मऊ वाटतं. पण आपल्या भाषेत ‘ना’ म्हणजे होकाराची अपेक्षा. "जेवलात ना?" म्हटलं की उपाशी माणूसही "हो हो" म्हणतो. "बसवेल ना?" म्हटलं की सासूसोबत आलेली, दवाखान्यात त्रास द्यायला नको असं लहानपणापासून शिकलेली बाई "हो" म्हणते आणि पोट धरून बसते. ‘का’ विचारला की दोन्ही उत्तरांना सारखीच जागा राहते. त्यापुढे "की आत्ता जास्त त्रास होतोय" हे जोडलं की नकार देणं आणखी सोपं होतं, कारण नकाराचे शब्द आपणच तिच्या हातात दिलेले असतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या बोलण्याचा असाच अभ्यास झाला होता आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ‘आणखी काही सांगायचंय का’ हा प्रश्न विचारताना इंग्रजीतला एकच छोटा शब्द बदलला, तर पेशंटच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. एका शब्दाने एवढं होतं यावर आधी माझा विश्वास बसला नव्हता. मराठीत तो शब्द ‘ना’ आहे, एवढं मी माझ्या काउंटरवर बघितलेलं आहे.

शब्दांबरोबर डोळ्यांचंही काम असतं, आणि ते मुलींना शिकवता येतं. ‘बसवेल’ म्हणाली पण बसताना एका बाजूला कलली, बसून लगेच उठली, ओठ पांढरे दिसतात, पंख्याखाली असूनही कपाळावर घाम आहे, चालताना ओटीपोटावर हात आहे. यातलं काही दिसलं तर तिच्या ‘हो’वर विसंबायचं नाही. काउंटरवरच्या मुलीने निदान करायचं नाही, तपासायचं नाही. तिने फक्त आत सांगायचं. "मॅडम, एक ताई बसल्यात पण मला बऱ्या वाटत नाहीत," एवढं वाक्य मला पुरतं. दहापैकी सहा वेळा काही नसतं. तरीही मी तिला एकदाही "उगाच उठवलंस" म्हटलेलं नाही. एकदा म्हटलं की सातव्या वेळी ती सांगायला येणार नाही.

हसण्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. स्थानिक पेपरात आणि व्हॉट्सअॅपवर जाहिराती येतात, ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे, हसतमुख असावी’. माझ्या दवाखान्याच्या दारातून एका तासात आनंदाने आलेली पहिलटकरीण येते, दुसऱ्यांदा गर्भ गेलेली बाई येते, आणि पाळी चुकल्याने झोप उडालेली, लग्न न झालेली मुलगीही येते. मुलीला दारातून येणारी यातली कोण हे माहीत नसतं. अशा वेळी पूर्ण उमललेलं हसू म्हणजे न बघता टाकलेला पत्ता. ज्या बाईच्या मनात ‘गेलं की काय’ एवढंच चाललंय, तिला समोरचं भरघोस हसू असं सांगतं की माझ्याकडे कुणी नीट पाहिलेलंच नाही. आमच्याकडे एक मुलगी होती. केसपेपरवर ‘गरोदर’ दिसलं की ती "अरे वा, अभिनंदन हं!" म्हणायची. तिचा हेतू निर्मळ होता. एका बाईला ती असं म्हणाली तेव्हा त्या बाईच्या हातातल्या रिपोर्टमध्ये नऊ आठवड्यांच्या गर्भाचे ठोके नसल्याचं लिहिलेलं होतं. बाई काही बोलली नाही. तिने रिपोर्ट उलटा करून पर्समध्ये ठेवला.

म्हणून आधी चेहरा मोकळा ठेवायचा. कपाळावर आठी नको, हसूही नको, फक्त लक्ष हवं. समोरची हसली तर तिच्या हसण्याइतकं हसायचं. ती हसली नाही तर हसू मागे ठेवायचं आणि नंबर सांगताना किंवा निघताना थोडं आणायचं. एकोणिसाव्या शतकात द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा हलका झटका देऊन दाखवलं होतं की ओठांचं हसू आपण मुद्दाम आणू शकतो, डोळ्यांभोवतीचं हसू सहसा मनातून आलं तरच येतं. दिवसाला साठ-सत्तर बायकांपुढे ओठांचं हसू आणत राहणाऱ्या मुलीचा चेहरा दुपारी दोनपर्यंत थिजतो, आणि समोरच्या घाबरलेल्या बाईला ते लगेच कळतं. घाबरलेलं माणूस चेहरे फार बारकाईने वाचतं. लक्ष देणारा, शांत चेहरा संध्याकाळपर्यंत टिकतो.

‘घाबरू नका, काही होणार नाही’ हे वाक्यही मी काउंटरवरून काढून टाकलंय. यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, धीराचे दोन शब्द माणसाला हवेच असतात. हवे असतात, मान्य. पण ते वाक्य बोलणाऱ्या मुलीला आत काय निघणार हे माहीत नाही. पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार रक्त साधारण चारपैकी एका गरोदर बाईला दिसतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचं पुढे सगळं नीट होतं. हे मी आत, तपासल्यावर, जबाबदारीने सांगू शकते. काउंटरवर ‘काही होणार नाही’ म्हटलं आणि पाऊण तासाने मला ‘ठोके दिसत नाहीत’ म्हणावं लागलं, तर त्या बाईच्या लेखी दवाखाना एकदा खोटं बोललेला असतो. पुढचं मी जे सांगते त्यावर ती कसा विश्वास ठेवणार? धीर देणारं खरं वाक्य वेगळं आहे. "तुम्ही आलात हे मी डॉक्टरांना सांगितलंय." हे पाळता येतं. आणि मुलीने ते खरोखर सांगितलेलं असतं.

घाबरलेल्या माणसाला दुसरी गोष्ट हवी असते ती म्हणजे वेळेचा अंदाज. "येईल नंबर" हे उत्तर नव्हे. "तुमच्यापुढे पाच जणी आहेत, साधारण चाळीस मिनिटं लागतील, त्याआधी वजन आणि बीपी घ्यायला बोलावतील," हे उत्तर आहे. इंग्लंडमध्ये २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दवाखान्यांच्या रिसेप्शनवर आलेले फोन ऐकून पाहिले होते. जिथे माहिती पेशंटनेच खोदून खोदून काढावी लागायची, तिथले पेशंट दवाखान्यावर कमी समाधानी होते. आमच्या भागातल्या बायका खोदत नाहीत. त्या गप्प बसतात, आणि मग सोबतचा पुरुष दर दहा मिनिटांनी काउंटरवर येऊन आवाज चढवतो. चाळीस मिनिटं सांगायची आणि पस्तिसाव्या मिनिटाला बोलवायचं हे सगळ्यात चांगलं. मध्येच तातडीची बाई आत घेतली तर बसलेल्यांना तेही सांगायचं. "एका ताईंना आधी आत घ्यावं लागलं, सगळ्यांचे नंबर वीस मिनिटं पुढे गेलेत." कोण आणि का, ते नाही. हे सांगितल्यावर भांडणं बंद झाली असं मी म्हणणार नाही, पण बरीच कमी झाली.

हाक मारण्याचंही ठरवून घ्यावं लागलं. ‘वहिनी’ म्हटलं की लग्न गृहीत धरलं, ‘मावशी’ म्हटलं की वय. आणि मूल होत नाही म्हणून आलेल्या पस्तिशीच्या बाईला ‘कितवं?’ विचारणं तर क्रूर आहे. आम्ही सरसकट ‘ताई’ म्हणतो, साठीच्या पुढे ‘आजी’ किंवा ‘काकू’. आणि प्रश्न बाईला विचारायचा, तिच्या डोक्यावरून नवऱ्याला नाही. "पेशंट कोण?" असं पुरुषाकडे बघून विचारण्याची सवय तोडायला आम्हाला वर्ष लागलं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि बाईचं नाव आणि माहिती उघड न करण्याचं बंधन डॉक्टरवर आलं. माझ्या मते त्या बंधनाची सुरुवात काउंटरवर होते. "मिस की मिसेस?" हा प्रश्न अठरा खुर्च्यांसमोर विचारला गेला, तर माझ्या खोलीतल्या गोपनीयतेला फारसा अर्थ राहत नाही.

काही प्रश्न कायद्यानेच विचारावे लागतात, हेही सांगायला हवं. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर एफ फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात तिला मुलं किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, ही माहिती असते. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी तो फॉर्म आहे आणि तो असायलाच हवा. पण "मुली किती? दोन? मुलगा नाही?" हे काउंटरवर मोठ्याने विचारलं जातं तेव्हा दोन मुलींच्या आईची मान कशी खाली जाते हे मी पाहिलेलं आहे. ज्या कारणासाठी कायदा आला, तेच दुखणं आपण त्याच्याच फॉर्मने चाळवतो. आमच्याकडे हा फॉर्म आता आतल्या खोलीत, दार लावून भरला जातो. पाळीची तारीखही काउंटरवर तोंडी विचारत नाही. एक छापील चिठ्ठी आहे, तिच्यावर बाई स्वतः लिहिते. लिहिता येत नसेल तर नर्स आत विचारते.

स्वराबद्दल लोक बोलतात तेव्हा मुलीच्या स्वभावाबद्दल बोलतात. मी काउंटरबद्दल बोलेन. कोरोनाच्या काळात बसवलेली काच आमच्याकडे तीन वर्षं तशीच होती, खाली हातभर फट. त्या काचेतून हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मुलगी ओरडते, म्हणून बाईलाही ओरडून उत्तर द्यावं लागतं. वर भिंतीवर टीव्ही चालू. अशा जागी जगातल्या कुठल्याही गोड मुलीचा स्वर कर्कशच होणार. आम्ही काच काढली, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि पहिली रांग काउंटरपासून सहा-सात फूट मागे सरकवली. काउंटर उंच होता, बाई उभी आणि मुलगी खाली बसलेली, त्यामुळे मान वर करून बोलताना आवाज चढायचा. मुलीला उंच स्टूल दिलं. दोघींचे डोळे एका पातळीवर आले आणि आवाज आपोआप खाली आला. याला फार मोठा खर्च आला नाही.

मोठा खर्च पगाराचा आहे, आणि इथे मला माझ्या व्यवसायबंधूंशी स्पष्ट बोलायचंय. काउंटरवरची मुलगी फोन घेते, पैसे घेते, फाइल काढते, औषध कंपनीच्या माणसांना थोपवते, आणि डॉक्टरच्या उशिरा येण्याबद्दलच्या शिव्याही तीच खाते. एवढं करून तिला आपण दवाखान्यातला सगळ्यात कमी पगार देतो. मग ती सहा-आठ महिन्यांत दुसरीकडे जाते आणि नवी मुलगी पुन्हा "बोला, काय होतंय?"पासून सुरू करते. नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आपण भिंतीवर लावली आहे. ती बहुतेक ठिकाणी याच काउंटरच्या मागे टांगलेली असते. तिच्यातलं खाजगीपणाचं कलम पाळायचं काम दिवसातून सत्तर वेळा त्या मुलीला करावं लागतं. त्याचं शिक्षण तिला कुणी दिलेलं नाही.

"एवढ्या गर्दीत हे कुणाला जमणार?" असं मला विचारतात. मी घड्याळ लावून पाहिलंय. ‘या ताई’पासून ‘त्रास होतोय’पर्यंत, नाव लिहिण्याचा वेळ सोडून, आठ सेकंद लागतात. "बोला, काय होतंय?" आणि त्यावरचं चाचरत दिलेलं उत्तर याहून जास्त वेळ खातं. एक अडचण मात्र आम्हाला पूर्ण सुटलेली नाही. फोन. समोर बाई उभी आणि फोन वाजतोय, तर आधी कोण? समोरची, असं आम्ही ठरवलंय. पण फोनवरची बाई कधी कधी समोरच्या बाईपेक्षा जास्त अडचणीत असते. सकाळी दहा ते एक दुसरं माणूस फोनला बसवलं तरच हे नीट होतं, आणि ते मला रोज परवडत नाही.

नवी मुलगी आली की पहिले दोन दिवस मी तिला काउंटरवर बसवत नाही. पेशंटच्या खुर्चीत बसवते, मधल्या रांगेत, हातात वही देऊन. काय काय ऐकू येतं ते लिही म्हणते. गेल्या जूनमध्ये आलेल्या मुलीने दोन पानं भरली. त्यात काउंटरवरचं फारसं नव्हतं, त्याचं मला बरं वाटलं. शेवटच्या ओळीत तिने लिहिलं होतं, ‘मॅडम, तुमच्या खोलीतलं दार पूर्ण लागत नाही. साडेबाराच्या ताईंना तुम्ही काय सांगितलं ते मला इथे ऐकू आलं.’ मी सुताराला त्याच संध्याकाळी बोलावलं. दाराला खालून रबराची पट्टी लागली, आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खुर्चीत बसून ऐकून पाहत होती.